खाटेला लावली की मुकी

काकांचं कमरेचं हाड मोडलं आणि ते अंथरुणाला खिळले, तेव्हा काकूंनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. काका मागच्या खोलीत, काकू दिवसभर पुढे स्वयंपाकघरात. मध्ये माजघर. काकांनी हाक मारली तरी कुकरच्या शिट्टीत आणि मिक्सरच्या आवाजात ती ऐकू येत नव्हती. "तू ती यंत्रं करतोस की, यांच्या उशाला एखादी घंटा बसवून दे," असं त्या म्हणाल्या. मी पुण्यात गेली बावीस वर्षं लहानमोठी इलेक्ट्रॉनिक सर्किट तयार करून देतो. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं ब्लूटूथची मॉड्यूल माझ्या टेबलावर आहेत. हे काम मला एका रविवारचं वाटलं. त्याला अडीच महिने लागले, आणि त्या अडीच महिन्यांत मी इतकी वर्षं गिऱ्हाइकांना जे सांगत आलो होतो ते चुकीचं होतं हे माझ्या लक्षात आलं.

मी सांगायचो ते असं. ब्लूटूथ लांब जात नाही? मग क्लास १ चं मॉड्यूल घ्या. क्लास ३ म्हणजे एक मीटर, क्लास २ म्हणजे दहा मीटर, क्लास १ म्हणजे शंभर मीटर. हा तक्ता मी इतक्या वेळा लोकांसमोर मांडला होता की तो मला निसर्गनियमासारखा वाटू लागला होता. भिंत मध्ये आली तर थोडं अंतर कमी होणार, पण शंभरातून कमी होऊन होऊन किती होणार? दोन खोल्या तर सहज निघतील. क्लास १ चं मॉड्यूल महाग असतं, बॅटरीही जास्त खातं, पण काम होतं, अशी माझी पक्की समजूत होती.

कोल्हापूरचं ते घर जुनं आहे. नऊ इंची विटांच्या भिंती, आतून-बाहेरून प्लास्टर. काकांच्या खाटेपासून स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या मांडणीपर्यंत सरळ रेषेत अकरा मीटर अंतर, आणि त्या रेषेत दोन भिंती. मी बटणाची एक छोटी डबी केली, तिच्यात नेहमीचं क्लास २ चं मॉड्यूल आणि गोल बटण सेल घातला, आणि ती काकांच्या लोखंडी खाटेच्या उशाकडच्या पाइपाला क्लिपने घट्ट बसवली, म्हणजे हात वर केला की लगेच सापडावी. दुसरी डबी, जिच्यात बझर आणि लाल दिवा होता, ती मांडणीवर स्टीलच्या डब्यांच्या ओळीत ठेवली. वाजवून पाहिलं, वाजली. मी पुण्याला परतलो.

तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. घंटा कधी वाजते, कधी वाजत नाही. आणि मग त्या म्हणाल्या, "एक सांगू का? हातात धरली की वाजती बघ. खाटंला लावली की मुकी होती."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, हातात धरल्यावर बटण नीट दाबलं जात असेल, एवढंच. रोगाचं नेमकं निदान त्यांनी पहिल्या आठवड्यात माझ्या हातात दिलं होतं, आणि मी ते घेतलं नाही, कारण माझ्याकडे उत्तर आधीच तयार होतं. पुढच्या शनिवारी मी क्लास १ चं मॉड्यूल घेऊन कोल्हापूरला गेलो.

क्लास म्हणजे नक्की काय, ते इथे सांगायला हवं. ब्लूटूथच्या मानकात क्लासची व्याख्या मीटरमध्ये नाही, मिलिवॅटमध्ये आहे. क्लास १ चं उपकरण जास्तीत जास्त १०० मिलिवॅट शक्तीने प्रक्षेपण करू शकतं, क्लास २ चं अडीच मिलिवॅटने आणि क्लास ३ चं एक मिलिवॅटने. मीटरचे आकडे त्याला मागाहून चिकटवलेला अंदाज आहे. समोरचं उपकरण किती तीक्ष्ण कानाचं आहे, मध्ये काय आहे, अँटेना कसली आहे, यातलं काहीही तो अंदाज धरत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कागदावर माहीत होतं. पण विकताना मी मीटरच सांगत होतो.

रेडिओच्या कामात शक्तीचा हिशेब डेसिबलमध्ये करतात, कारण मग गुणाकाराऐवजी बेरीज-वजाबाकीवर भागतं. तीन डेसिबल गेले म्हणजे शक्ती निम्मी झाली. दहा गेले म्हणजे दहावा हिस्सा उरला, वीस गेले म्हणजे शंभरावा. एक मिलिवॅटला शून्य डीबीएम म्हणतात. त्या मापाने क्लास २ म्हणजे ४ डीबीएम आणि क्लास १ म्हणजे २० डीबीएम. दोघांतला फरक सोळा डेसिबलचा. हा सोळाचा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

क्लास १ चं मॉड्यूल बसवलं तेव्हा पहिली अडचण सेलची आली. पूर्ण शक्तीने प्रक्षेपण करताना ते शंभर मिलिअँपियरहून जास्त करंट मागतं, आणि बटण सेलला ते झेपत नाही. त्याचा अंतर्गत रोध जास्त असल्यामुळे व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि सर्किट स्वतःच नव्याने सुरू होतं. म्हणून मी दोन पेन्सिल सेल लावले, डबी दुप्पट मोठी झाली, काकांच्या हाताला ती अवजड लागू लागली. तरी मी समाधानी होतो, कारण स्वयंपाकघरातल्या डबीला लॅपटॉप जोडून मी सिग्नलचं वाचन पाहिलं होतं. आधी ते सरासरी उणे ९२ डीबीएम होतं, आता उणे ७६ झालं. अगदी बरोबर सोळा डेसिबलची सुधारणा. हिशेब जुळला, काम झालं.

पण घंटा तशीच तुटत राहिली.

पुढचे तीन आठवडे मी सॉफ्टवेअरच्या मागे लागलो. वाचन इतकं चांगलं असताना जोडणी तुटते म्हणजे दोष प्रोग्राममध्येच असणार, असं मी धरून चाललो. अनेक रात्री घालवल्या. शेवटी एका रात्री, दुसरं काही सुचेना म्हणून, मी वाचन उलट्या बाजूने घेतलं. म्हणजे खाटेवरच्या बटणाला स्वयंपाकघरातल्या डबीचा सिग्नल किती मिळतो ते पाहिलं. उणे ९२.

त्या क्षणी मला कळलं की मी इतकी वर्षं अर्धाच रस्ता मोजत होतो. ब्लूटूथची जोडणी एकतर्फी नसते. दोन्ही उपकरणं ठरावीक वेळाने एकमेकांना हाक देतात, प्रत्येक निरोपाची पोच मागतात, आणि काही सेकंद उत्तर आलं नाही तर समोरचं गेलं असं समजून जोडणी सोडून देतात. खोलीतून स्वयंपाकघरात जाताना रस्त्यात जेवढी शक्ती गळते, तेवढीच परत येतानाही गळते. मी एका बाजूचा आवाज चाळीस पटीने वाढवला होता, पण त्याच बाजूचा कान होता तेवढाच राहिला होता. काकांचं बटण मोठ्याने ओरडत होतं आणि पलीकडून येणारं उत्तर त्याला ऐकू येत नव्हतं. काही क्लास १ मॉड्यूलमध्ये ऐकण्याच्या बाजूलाही वेगळा वर्धक असतो, त्यांचं थोडं बरं चालतं. माझ्या मॉड्यूलमध्ये तो नव्हता. मॉड्यूल विकत घेताना मी ते पाहिलंसुद्धा नव्हतं.

मला आठवत होती ती गिऱ्हाइकं, ज्यांनी क्लास १ चं एक मॉड्यूल नेऊन ते आपल्या साध्या मोबाइलशी जोडलं होतं आणि "फारसा फरक नाही" असं सांगितलं होतं. मी त्यांना म्हणालो होतो की तुमच्या भिंती जाड असतील. मोबाइलची शक्ती तर बहुधा क्लास १ च्या मॉड्यूलइतकी नसते. त्यांना फारसा फरक पडणार नव्हताच, आणि मी त्याचा दोष त्यांच्या घराला दिला होता.

त्यानंतर मी जे करायला हवं होतं ते पहिल्यांदा केलं. जमाखर्च मांडायला बसलो. मोकळ्या हवेत या लहरींची शक्ती पहिल्या मीटरलाच चाळीस डेसिबलने कमी होते. ते ऐकायला भयंकर वाटतं, पण लहर सगळीकडे पसरते आणि अँटेनाच्या वाट्याला तिचा जरासा तुकडा येतो, म्हणून तसं होतं. पुढे अंतर दहापट झालं की आणखी वीस जातात. अकरा मीटरला एकूण साधारण एकसष्ट. क्लास २ चे चार डीबीएम घेऊन निघालो तर मोकळ्या जागेत अकरा मीटरवर उणे ५७ मिळायला हवेत. दोन्हीकडच्या अँटेना छोट्या, त्यांच्या उणिवेपोटी पाच डेसिबल सोडले. उणे ६२. राहिल्या दोन भिंती.

भिंतीचा खर्च मोजायला मी एक दुपार दिली. दोन उपकरणं माजघरात मोकळ्या जागी तीन मीटरवर ठेवून वाचन घेतलं, मग तेवढ्याच अंतरावर मध्ये भिंत येईल अशी ठेवून घेतलं. इथे एक काळजी घ्यावी लागते. घरात सिग्नल भिंती, फरशी, छत यांवर आपटून अनेक वाटांनी येतो, आणि या वाटा काही ठिकाणी एकमेकींना मारक ठरतात. ब्लूटूथची लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटर लांब असते, त्यामुळे उपकरण चार बोटं सरकवलं तरी वाचन दहा डेसिबलने वरखाली होऊ शकतं. म्हणून एका जागेचं एक वाचन काहीच सांगत नाही. वीतभर जागेत उपकरण फिरवून दहा-बारा वाचनं घ्यायची आणि त्यांची सरासरी धरायची. तसं केल्यावर त्या नऊ इंची भिंतीचा खर्च निघाला सात डेसिबल.

सात डेसिबल म्हणजे पाचातला एक हिस्सा पलीकडे पोचतो. बाकीच्या चाराचं काय होतं? काही भिंतीच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतं, कारण हवेतून विटेत शिरताना माध्यम बदलतं आणि प्रत्येक बदलाच्या ठिकाणी थोडं परावर्तन होतंच. काही आत जाऊन उष्णतेत विरतं, आणि त्यात मोठा वाटा विटेत आणि प्लास्टरमध्ये मुरलेल्या पाण्याचा असतो. पाण्याचा रेणू एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण असतो, तो लहरीबरोबर फिरायला बघतो आणि त्या खटाटोपात तिची शक्ती खातो. मायक्रोवेव्हची भट्टी आणि ब्लूटूथ एकाच पट्ट्यात चालतात, म्हणून २.४ गिगाहर्ट्झ ही पाण्याची खास वारंवारता आहे असं पुष्कळ जण सांगतात, मीही सांगायचो. ते खरं नाही. पाणी सर्वांत जास्त शोषतं ते याहून कितीतरी वरच्या, वीस गिगाहर्ट्झच्या आसपासच्या वारंवारतेला. पण २.४ लाही पुरेसं शोषतं, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीहून जास्त खाते हे खरंच आहे. कोल्हापूरच्या त्या घरात स्वयंपाकघराची भिंत मोरीला लागून आहे. जुलैत तिला ओल आली तेव्हा सगळं ठीक बसवल्यानंतरही वाचन चार डेसिबलने घसरलं, दिवाळीपर्यंत परत वर आलं.

भिंत भिंत म्हणतो आपण, पण भिंतींमध्ये फार फरक असतो. प्लायवूडचं पार्टिशन जवळजवळ काहीच खात नाही. आरसीसीची भिंत विटेच्या दुपटीहून जास्त खाऊ शकते. आणि सर्वांत फसवी म्हणजे ती भिंत, जिच्या प्लास्टरखाली कोंबडी जाळी मारलेली असते. विटा आणि काँक्रीटच्या सांध्याला तडे जाऊ नयेत म्हणून गवंडी ती लावतात. तिची भोकं लहरीच्या लांबीपेक्षा पुष्कळ लहान, त्यामुळे लहरीला ती जाळी दिसतच नाही, जवळजवळ अखंड पत्रा दिसतो. माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये एका भिंतीच्या डाव्या अर्ध्यातून हेडफोन चालतो आणि उजव्या अर्ध्यातून तुटतो. इतकी वर्षं मी त्याचं कारण शोधलं नव्हतं. अशा ठिकाणी सिग्नल भिंतीतून फारसा जात नाही, तो दारातून वळून जातो. दार लावून आणि उघडून वाचन घेतलं की हे लगेच कळतं. लाकडी दाराने काही बिघडत नाही, पत्र्याचं दार लावलं की सगळं बंद.

कोल्हापूरच्या भिंतींकडे परत येतो. दोन भिंतींचे चौदा. उणे ६२ मधून चौदा गेले, उणे ७६. म्हणजे साध्या क्लास २ च्या मॉड्यूलने स्वयंपाकघरात उणे ७६ मिळायला हवे होते, आणि त्या मॉड्यूलचा कान उणे ९५ पर्यंत ऐकू शकतो. एकोणीस डेसिबलची सवड. घंटा खणखणीत वाजायला हवी होती. प्रत्यक्षात मिळत होते उणे ९२. सोळा डेसिबल कुठेतरी नाहीसे होत होते.

पुन्हा सोळा. क्लास १ घेऊन मी जेवढे विकत आणले होते, बरोबर तेवढेच घरात कुठेतरी वाया जात होते. आणि भिंतींचा खर्च तर मी मोजून बसलो होतो, भिंतींनी चौदाच घेतले होते. तेव्हा मला काकूंचं वाक्य आठवलं.

मी बटणाची डबी खाटेवरून काढली, माजघरातल्या लाकडी स्टुलावर ठेवली आणि तीन मीटरवरून वाचन घेतलं. उणे ५१. मग खाटेचा पाइपच सोडवून आणला, डबी त्याला होती तशी बसवली आणि त्याच अंतरावरून पुन्हा घेतलं. उणे ६४. मध्ये भिंत नाही, अंतर तेच, मॉड्यूल तेच. तेरा डेसिबल त्या पाइपाने खाल्ले होते. दोन भिंतींनी मिळून जेवढं घेतलं, जवळजवळ तेवढं. उरलेले तीन मांडणीवरच्या स्टीलच्या डब्यांनी घेतले होते, ते मी नंतर मोजलं.

हे असं का होतं, ते समजून घेताना मला माझ्याच धंद्यातली एक गोष्ट नव्याने शिकावी लागली. मॉड्यूलच्या एका टोकाला तांब्याची नागमोडी रेघ असते, तिला आपण अँटेना म्हणतो. ती लहरीच्या लांबीच्या साधारण चौथ्या भागाची, म्हणजे तीन सेंटिमीटरची, वळणं घालून छोट्या जागेत बसवलेली असते. पण ती एकटी अँटेना नव्हेच. तिच्यामागे सर्किटच्या पाटीवर पसरलेलं जे ग्राउंडचं तांबं असतं, तो तिचा दुसरा अर्धा भाग. या दोन अर्ध्यांमधल्या मोकळ्या जागेतून लहर बाहेर पडते. ती जागा मोकळी राहिली नाही तर लहर निघतच नाही. म्हणून मॉड्यूलच्या प्रत्येक माहितीपत्रकात एक आकृती असते: अँटेनाचं टोक पाटीच्या कडेला किंवा कडेबाहेर येऊ द्या, तिच्याखाली कुठल्याही थरात तांबं ठेवू नका, आजूबाजूला इतके मिलिमीटर धातू आणू नका. मी ती आकृती पाहिलेली होती. माझ्या पाटीवर अँटेनाखाली तांबंही नव्हतं. पण पाटी डबीत कुठल्या बाजूने बसते आणि डबी कशावर बसते, हा प्रश्न मी विद्युत अभियंत्याचा समजलोच नव्हतो. तो सुताराचा, फिटरचा प्रश्न वाटायचा. अँटेना पाइपापासून जेमतेम पाच मिलिमीटरवर, त्याला समांतर पडली होती.

एका मित्राकडून अँटेना तपासायचं यंत्र आणलं, व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर. पूर्वी हे लाखांत मिळायचं, आता तीन गिगाहर्ट्झपर्यंत मोजणारं हातावर मावेल एवढं स्वस्तात मिळतं. अँटेनाला पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत येते हे ते दाखवतं. पाटी मोकळी धरली तेव्हा पडद्यावरच्या रेघेत २.४४ गिगाहर्ट्झला खोल खळगा दिसला, म्हणजे शक्ती अँटेनात जात होती, परत फारशी येत नव्हती. प्लास्टिकच्या डबीत घातली तर खळगा किंचित खाली सरकला. प्लास्टिक जवळ आलं की अँटेना जणू लांब झाल्यासारखी वागते, त्याचा उपाय पाटीवरच्या जुळणीच्या दोन छोट्या भागांनी करता येतो. पण पाइपाजवळ नेल्यावर खळगा पट्ट्याबाहेर गेला आणि उथळ झाला. जवळजवळ निम्मी शक्ती मॉड्यूलकडे परत येऊ लागली.

निम्मी म्हणजे तीनच डेसिबल. बाकीचे दहा? ते पाइपाच्या आरशात गेले. अँटेनात करंट एका दिशेने वाहतो तेव्हा शेजारच्या धातूत उलट्या दिशेने वाहतो. दोघं इतके जवळ असले की दुरून पाहणाऱ्याला ते एकमेकांना खोडून काढताना दिसतात. हाच धातू लहरीच्या चौथ्या भागाएवढा, म्हणजे तीन सेंटिमीटर दूर असला तर परत येणारी लहर मूळ लहरीशी ताल धरते आणि मदतच करते. पाच मिलिमीटर आणि तीन सेंटिमीटर, एवढ्याच फरकाने शत्रू मित्र होतो.

आणि हा तोटा दोन्हीकडून लागतो. वाईट बसलेली अँटेना बोलताना जेवढं गमावते तेवढंच ऐकतानाही गमावते. म्हणून अँटेना सुधारली तर बोलणं आणि ऐकणं एकदम सुधारतं. शक्ती वाढवली तर फक्त बोलणं. माझ्या मताचा सगळा पालट या एका वाक्यात आहे, आणि ते समजायला मला बावीस वर्षं लागली.

क्लास १ चं मॉड्यूल मी काढून टाकलं. पुन्हा क्लास २ चं घेतलं, पुन्हा बटण सेल. पाटी डबीत उलटी फिरवली, म्हणजे सेल खाटेकडे आणि अँटेना खोलीकडे. पाइपावर सागाचा एक ठोकळा बांधला आणि डबी त्यावर, लोखंडापासून चार सेंटिमीटर उंच, बसवली. स्वयंपाकघरातली डबी मांडणीवरून उचलून दाराच्या लाकडी चौकटीवर लावली. लॅपटॉपवर उणे ७६ आलं. उलट्या दिशेने पाहिलं, तिकडेही उणे ७६. कागदावर मांडलेला आकडा घरात उतरला. मग मी मुद्दाम बटणाची शक्ती कमी केली, शून्य डीबीएमवर आणली, म्हणजे क्लास ३. एक मिलिवॅट. स्वयंपाकघरातलं वाचन उणे ८० झालं आणि घंटा वाजत राहिली. तीच ठेवली, सेल जास्त दिवस टिकावा म्हणून. शंभर मिलिवॅटना जे जमलं नव्हतं ते एका मिलिवॅटने केलं.

काकूंना मी सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे खाटच आड येत होती. मी सांगितलेलं तुला." मी हो म्हणालो.

क्लास १ निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. शेतातल्या विहिरीवर एक पेटी, घराच्या गच्चीवर दुसरी, दोन्हीकडे क्लास १, दोन्हीकडे वीज, मध्ये उघडं रान, अशा ठिकाणी सोळा डेसिबल म्हणजे अंतर सहा पटीने वाढतं. तिथे ते जरूर वापरावं, मी आजही देतो. पण घरात तेच सोळा डेसिबल म्हणजे विटेच्या दोन भिंती, आणि तेही दोन्ही टोकांना क्लास १ असेल तरच. अँटेनाकडे न बघता शक्ती विकत घेणं म्हणजे मी तेरा डेसिबल खाटेला दान करून सोळा बाजारातून आणत होतो.

काका आता काठी घेऊन चालतात, घंटा फार क्वचित लागते. मला चैन पडत नाही ते वेगळ्याच गोष्टीमुळे. एवढ्या वर्षांत मी किती जणांना क्लास १ ची मॉड्यूल दिली, त्यांतल्या किती जणांचं काम दोन स्क्रू हलवून किंवा डबी लोखंडी कपाटावरून उतरवून झालं असतं, ते मला आठवून सांगता येत नाही. त्यांनी जादा पैसे मोजले, माझ्या शब्दावर. ज्यांच्याकडे ती अजून असतील आणि नीट चालत नसतील, त्यांनी डबीसकट, आणि ती ज्यावर बसवली आहे त्याचा एक फोटो घेऊन, माझ्याकडे परत यावं. मी आधी अँटेना बघेन. त्याचे पैसे घेणार नाही.